येथील कुशल तागायत

गेल्या काही वर्षांत मराठी पत्रव्यवहारात एक वाक्य शिरले आहे आणि ते आता बाहेर पडायचे नाव घेत नाही. 'आशा आहे की आपण कुशल असाल.' कधी ते 'आपण व आपले कुटुंबीय सुखरूप असाल अशी आशा बाळगतो' असे लांबते, कधी 'हा ईमेल आपणांस उत्तम स्थितीत मिळेल अशी आशा' असे विनोदी रूप घेते. मूळ कोठले आहे हे सांगण्याची गरज नाही. 'होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' या इंग्रजी वाक्याचे ते कलम आहे, आणि कलम करताना बुंधा कोणता व फांदी कोणती हे पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. बँक हे वाक्य लिहिते, महाविद्यालय लिहिते, दिवाळी अंकाचा संपादक लिहितो, आणि लोह्याहून पुण्याला नोकरीस गेलेला मुलगा आपल्या जुन्या गुरुजींनाही तेच लिहितो.

माझा आक्षेप इंग्रजीला नाही. परक्या भाषेतून आलेले काय आणि किती ठेवावे हा वाद मराठीत शिवकाळापासून चालू आहे, आणि आमच्या मराठवाड्यात तर निजामी अमलाच्या खुणा बोलण्यात इतक्या मुरल्या आहेत की शुद्धीचा आग्रह धरणे हास्यास्पद ठरेल. आक्षेप असा की हे वाक्य काहीच करत नाही. ते माहिती देत नाही, काही विचारत नाही, काही मागत नाही. ज्याला लिहिले त्याच्या जागी दुसरे कोणीही बसवले तरी त्याचा कानामात्रा बदलत नाही. आणि गंमत अशी की ज्या भाषेत ते येऊन बसले, त्या भाषेजवळ पत्राच्या आरंभाची एक अत्यंत विचारपूर्वक घडवलेली रीत होती. ती रीत काय होती हे ठाऊक नसल्यामुळेच आपण ही उसनवारी सभ्यता समजून मिरवतो आहोत.

'मायना' हा शब्द आपण पत्राच्या आरंभासाठी वापरतो. तो अरबीतून आला आणि मुळात त्याचा अर्थ 'अर्थ' असाच आहे. पत्राच्या आरंभालाच अर्थ म्हणावे यात जुन्या कारकुनांचा काही हेतू होता की तो केवळ योगायोग, ते भाषाशास्त्रज्ञ सांगोत. पण मायना ही त्यांच्या दृष्टीने शोभेची गोष्ट नव्हती एवढे खरे. कोणी कोणास कसे लिहावे याचे नियम सांगणारी पुस्तके असत, त्यांना मेस्तक म्हणत. त्यांतले सर्वांत जुने परंपरेने हेमाद्रीच्या, म्हणजे तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांच्या प्रधानाच्या नावावर सांगितले जाते. 'तीर्थरूप' स्वतःच्या वडिलांना आणि 'तीर्थस्वरूप' वडिलांसमान इतरांना, हा भेद अनेकांना आज बारकावा वाटेल. परंतु पत्र वाचणारा कारकून त्या एका अक्षराच्या फरकावरून लिहिणाऱ्याचे व ज्याला लिहिले त्याचे नाते ओळखत असे. (याच यंत्रणेने 'गंगाभागीरथी' हे उपपद देऊन बाईचे वैधव्य पाकिटावरच जाहीर केले, हेही विसरू नये. जुन्या रीतीचा मी भक्त नाही. ती बोलत होती, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि बोलणारी रीत कधी क्रूरही बोलते.)

आरंभ किती बोलू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण शिवाजी महाराजांच्याच पत्रांत आहे. सुरुवातीच्या काळातील त्यांची अनेक आज्ञापत्रे 'अज रख्तखाने' अशा फारसी धाटणीच्या मायन्याने सुरू होतात. 1674 च्या राज्याभिषेकानंतर तोच आरंभ 'स्वस्ति श्री राज्याभिषेक शक' असा होतो. आतला मजकूर बहुतेकदा पूर्वीसारखाच, कोणाचे तरी वतन, कोणाचा तरी तंटा. परंतु पहिल्या ओळीने वाचणाऱ्याला कळत असे की कालगणनाच बदलली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पेशवाईतली साधी, रोजच्या कामाची पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना एक वाक्य पाठ झालेले असते. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण साचा असा: 'विनंती उपरि येथील कुशल तागायत छ अमुक मुक्काम अमुक जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे. विशेष.' पहिल्या वाचनात हेही आपल्या 'आपण कुशल असाल' याचेच पणजोबा वाटते. ते तसे नाही. ते सुटे करून पाहिले की त्याचे कारागीर कसे होते ते कळते.

'येथील कुशल' म्हणजे लिहिणाऱ्याचे कुशल. तो दुसऱ्याच्या प्रकृतीविषयी आशा व्यक्त करत नाही. स्वतःला जे ठाऊक आहे ते सांगतो. 'तागायत' म्हणजे पर्यंत. 'ता' फारसी, 'गायत' अरबी, सीमा या अर्थाचा, आणि हा शब्द आपण अजून 'आजतागायत' या रूपात वापरतो. 'छ' हे चांद्र तारखेचे चिन्ह, पुढे मुसलमानी महिना. 'मुक्काम' म्हणजे ठिकाण. एकूण अर्थ असा की अमुक तारखेपर्यंत, अमुक ठिकाणी, आम्ही ठीक आहोत. पुढचे मला माहीत नाही. पत्र पुण्याहून दिल्लीस जासुदाबरोबर जायचे, वाटेत दिवसामागून दिवस जायचे, मध्ये लढाई व्हायची, नदीला पूर यायचा. ज्या माणसाला हे ठाऊक आहे तो 'आम्ही ठीक आहोत' असे मोघम लिहीत नाही. तो त्या विधानाला मुदत घालतो. हुंडीला असते तशी.

पुढचा भाग 'स्वकीय कुशल लिहीत असावे'. हीदेखील आशा नव्हे, ही मागणी आहे. तुमचे कसे आहे हे मला येथून कळू शकत नाही, म्हणून तुम्ही लिहा. त्यात उत्तराची अपेक्षा आहे आणि उत्तर न आले तर विचारण्याचा हक्कही आहे. शेवटी 'विशेष'. हा शब्द म्हणजे दरवाजा. येथवर रिवाज झाला, येथून काम सुरू, अशी ती खूण. घाईत असलेल्या वाचणाऱ्याने 'विशेष' शोधावे आणि तेथून वाचावे. तारीख, ठिकाण, प्रकृतीची स्थिती, उत्तराची मागणी आणि मजकुराकडे बोट, एवढे सारे एका वाक्यात. दोनअडीचशे वर्षांनंतर संशोधकाला पत्राची तारीख लावायची असते तेव्हा पुष्कळदा हेच वाक्य त्याच्या उपयोगी पडते. आपल्या ईमेलांतल्या आशेवरून पुढे कोणी काय ठरवणार आहे?

मग हे वाक्य मेले कसे? मारले कोणी नाही. ते लघुरूपाने मेले. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' याचे 'स. न. वि. वि.' झाले, 'कृतानेक साष्टांग नमस्कार' याचे 'कृ. सा. न.' झाले, आणि शाळेच्या पत्रलेखनाच्या तासाला आम्ही ती अक्षरे भूमितीच्या सूत्रासारखी घोकली. लोह्यासारख्या गावात चौथी-पाचवीतल्या मुलाला 'वि. वि.' म्हणजे काय असे विचारले असते तर तो 'दोन गुण' असे म्हणाला असता. 'विशेष' या दरवाजाची नुसती चौकट राहिली, पुढे चौकटीचे दोन ठिपके राहिले. तारीख उजव्या कोपऱ्यात गेली, कुशल गळाले, मागणी गळाली. रिकाम्या झालेल्या त्या जागेत मग कोणीही येऊन बसणार होते. ते इंग्रजी वाक्य येऊन बसले.

हे फक्त आपलेच झाले असे नाही. प्राचीन रोमी लोक पत्राच्या आरंभी 'तू बरा असशील तर बरे, मी बरा आहे' अशा अर्थाचे वाक्य लिहीत, आणि ते इतके वापरून गुळगुळीत झाले की त्याची नुसती आद्याक्षरे लिहू लागले, थेट आपल्या 'स. न. वि. वि.' सारखी. सेनेकाने ल्युसिलियसला लिहिलेल्या पत्रांपैकी पंधराव्या पत्राच्या आरंभीच या जुन्या रिवाजाचा उल्लेख आहे. तो रिवाज तो फेकून देत नाही, त्याच्या सांगाड्यात नवा अर्थ भरतो: तू तत्त्वचिंतन करत असशील तर बरे, कारण खरे बरे असणे तेच. आणि मग पुढचे सारे पत्र शरीराच्या व मनाच्या आरोग्याविषयीच आहे. म्हणजे आरंभ हाच विषय झाला. रिकाम्या वाक्याचे काय करता येते याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

इंग्रजीची कथा तर आणखी बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकातील साध्या माणसांची, सैनिकांची, परदेशी गेलेल्या मजुरांची इंग्रजी पत्रे पाहिली तर हे वाक्य तेथे पूर्ण स्वरूपात भेटते. त्याचा आशय असा: हे पत्र निघताना मी बरा आहे, ते तुमच्याकडे पोचेल तेव्हा तुम्हीही तसेच असा. दोन टोके आहेत. एका टोकाला लिहिणाऱ्याची खबर, दुसऱ्या टोकाला वाचणाऱ्याविषयी काळजी, आणि मध्ये आठवड्यांचा समुद्र. 'फाइंड्स' या क्रियापदाला तेव्हा अर्थ होता, कारण पत्राला माणूस खरोखरच शोधावा लागे आणि तो जिवंत सापडेल याची खात्री नसे. आता समुद्र आटला, पत्र दोन सेकंदांत पोचते, लिहिणाऱ्याने आपली खबर द्यायचे सोडून दिले, आणि उरलेले अर्धे वाक्य तेवढे चालू राहिले. आपण मराठीत आणले आहे ते हे अर्धे. आपल्याकडचे 'येथील कुशल' टाकून त्यांच्याकडचे उरलेसुरले उचलले, असा हा व्यवहार आहे.

येथे कोणी म्हणेल, की निदान निजामी मुलखातल्यांनी तरी अलंकारिक आरंभाला नावे ठेवू नयेत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमची कचेरी उर्दूत चालली. अर्ज 'बखिदमत जनाब' असा सुरू होई आणि 'गुजारिश है कि' वर येऊन ठेपे. घरगुती पत्रांत 'येथे खैरियत आहे, आपली खैरियत नेक मतलूब' या अर्थाचे वाक्य असे. परंतु पाहा, त्यातही दोन्ही टोके शाबूत आहेत: इकडची खबर दिली, तिकडची मागितली. 'गुजारिश है कि' हेही 'विशेष' सारखेच दार आहे. शिवाय लांबलचक अलकाब-आदाब फेकून देण्याचे सर्वांत धाडसी काम ज्याने केले तो उर्दूचाच माणूस. गालिबने आपल्या पत्रांतून मायन्याची ती सारी आरास उतरवून ठेवली आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तशी सुरुवात केली. पत्रव्यवहाराचा आपण संवाद केला, असे त्याचेच म्हणणे होते. त्याची पत्रे 'ऊद-ए-हिंदी' (1868) आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' (1869) या संग्रहांतून आली, आणि उर्दू गद्याला त्यांनी वळण लावले असे मानतात. आरंभ बदलला की पुढचे गद्यही बदलते ते असे.

आता एक पत्र घेऊ. 1 व 2 सप्टेंबर 2024 रोजी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. 2 तारखेला पोळा होता, आणि आमच्या भागात अनेक शेतकऱ्यांनी बैलांच्या खांद्यांना हळद लावायच्या ऐवजी गोठ्यातले पाणी उपसले. लोहा तालुक्यातील एका गावचा तरुण पुण्यात संगणकाच्या कामावर आहे. त्याच्या वडिलांचे सोयाबीन ओढ्याच्या पाण्याखाली गेले. शेंगा भरण्याचे दिवस, अशा वेळी मुळाशी दोनतीन दिवस पाणी थांबले की पीक पिवळे पडते आणि मग शेंग पोचट राहते. पीक विम्याच्या तेव्हाच्या नियमांत शेतात पाणी शिरून झालेल्या नुकसानीची सूचना घटनेपासून 72 तासांत देणे बंधनकारक होते. (2025 च्या खरिपात राज्याने हे कलमच काढून टाकले. तो निराळा संताप.) सूचना देण्याचे ॲप चालेना, फोन लागेना, म्हणून त्याने विमा कंपनीला ईमेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिला.

पत्र असे सुरू होत होते: 'आदरणीय महोदय/महोदया, आशा आहे की आपण व आपली संपूर्ण टीम कुशल असाल. मी आपल्या नामांकित कंपनीचा ग्राहक या नात्याने आपला मौल्यवान वेळ घेऊ इच्छितो. सध्या सर्वत्र पावसाने हाहाकार माजवला आहे हे आपण जाणताच.' ओढ्याचे पाणी शेतात शिरले ही गोष्ट नवव्या ओळीत येत होती. ते कोणत्या दिवशी शिरले हे कोठेच नव्हते. विषयाच्या जागी 'विनंती' एवढाच शब्द होता.

ज्याचे पीक पाण्याखाली आहे तो विमा कंपनीच्या टीमचे कुशल चिंततो आहे, यातला विनोद बाजूला ठेवू. नुकसान काय होते ते पाहण्यासारखे आहे. अशा दिवशी त्या पत्त्यावर ढीगभर पत्रे आलेली असतात. यादीत वाचणाऱ्याला दिसते ते पाठवणाऱ्याचे नाव, विषय, आणि मजकुराचे पहिले काही शब्द. मोबाइलवर तर एवढेच दिसते. त्या मोजक्या जागेत या मुलाने लिहिले होते: 'विनंती. आदरणीय महोदय/महोदया, आशा आहे की आपण व...' बाहेरून पाहता हे पत्र नोकरीच्या अर्जाचे असू शकते, वर्गणीचे असू शकते, जाहिरातीचे तर नक्कीच असू शकते. जे पत्र मुदतीच्या आत पोचणे हाच ज्याचा प्राण, त्याने आपली मुदत आपल्याच हाताने झाकून टाकली. बरे, 'महोदय/महोदया' मधली ती तिरकी रेघ आधीच सांगून टाकते की मला तुम्ही कोण हे ठाऊक नाही. त्याच्या पुढच्याच शब्दांत तुमच्या प्रकृतीची काळजी करणे म्हणजे खोटेपणाची कबुली देऊन मग खोटे बोलणे.

आम्ही बसून ते पत्र पुन्हा लिहिले. विषय: 'सोयाबीनमध्ये पाणी शिरल्याची 72 तासांच्या आतील सूचना, ता. लोहा'. आणि मजकूर: 'महोदय, 1 सप्टेंबर 2024 च्या रात्री ओढ्याचे पाणी शिरून माझ्या वडिलांच्या गटातील 1 हेक्टर 20 आर सोयाबीन बुडाले आहे. आज 3 तारखेला सकाळी 9 वाजेतागायत पाणी उतरलेले नाही. विम्याच्या पावतीचा क्रमांक व गट क्रमांक खाली दिले आहेत, छायाचित्रे जोडली आहेत. पाहणीस कोण व कधी येणार ते कळवावे. वडील शेतावरच भेटतील.' एवढेच. 'तागायत' त्याने स्वतः लिहिले, मी सुचवले नव्हते; त्याच्या बोलण्यातच तो शब्द होता. त्या शब्दाने पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली. पाणी शिरणे ही एका रात्रीची घटना आहे, पण पीक मरते ते पाणी थांबल्यामुळे, आणि किती थांबले हे पत्र लिहिण्याच्या क्षणापर्यंतच सांगता येते. पेशवाईतला कारकून असता तर त्याने वेगळे काही लिहिले नसते.

त्यानंतर पाहणी झाली. ती पत्रामुळे झाली असा माझा दावा नाही. गावात इतरांचीही झाली. कंपनीचे पहिले उत्तर मात्र जपून ठेवण्याजोगे आहे. ते आपोआप गेलेले उत्तर होते आणि त्याचे पहिले वाक्य होते: 'आपण सुखरूप असाल अशी आम्ही आशा करतो.' मुलगा म्हणाला, 'सर, आता यांना काय लिहावं? नाही म्हणून?'

या प्रश्नात सारा वाद आहे. 'आपण कुशल असाल' हे वाक्य उत्तर घेऊच शकत नाही. त्याला 'नाही' असे उत्तर दिले तर देणाराच असभ्य ठरतो. करोनाच्या दोन वर्षांत हे फार विद्रूप रीतीने दिसले. घरात माणूस गेलेला, आणि पतपेढीचे हप्त्याच्या आठवणीचे पत्र 'आपण व आपले कुटुंबीय सुरक्षित असाल' असे म्हणत येते. लोह्याच्या बाजारात दोन माणसे भेटतात तेव्हा पहिला प्रश्न 'रामराम, पाऊसपाणी काय म्हणतंय तुमच्याकडं?' असा असतो. तोही रिवाजच आहे, पण त्याला उत्तर असते: आमच्याकडं झाला, पल्याडच्या शिवारात थेंब नाही, उडीद गेला. विचारणाऱ्याला ते उत्तर हवे असते, कारण त्यावर त्याचे काही ठरायचे असते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावराचा सौदा करणारेसुद्धा आधी वाटेची, चाऱ्याची विचारपूस करतात, आणि त्या विचारपुशीतूनच समोरच्याची निकड किती ते ताडतात. रिवाज असणे हा दोष नव्हे. रिवाजाला तोंड आहे पण कान नाहीत, हा दोष.

आता सभ्यतेचा मुद्दा. थेट कामाला हात घातला तर उद्धट वाटते, काहीतरी गोड आधी हवे, असे पुष्कळांचे म्हणणे असते, आणि ते प्रामाणिक असते. पण हे भय इंग्रजीतून आले आहे, आणि इंग्रजीत त्याला आधार आहे. त्या भाषेत एकच 'यू' साहेबाला आणि शिपायाला चालतो. 'सेंड' हे क्रियापद आदर दाखवू शकत नाही, म्हणून आदराचे वेगळे वाक्य करून पुढे ठेवावे लागते. मराठीला ती अडचण नाही. 'पाठव', 'पाठवा', 'पाठवावे', 'पाठवावे ही विनंती', या चार पायऱ्यांवर सारे नाते उभे आहे. 'पाहणीस कोण येणार ते कळवावे' या वाक्यात मागणी ठाम आहे आणि अदब पुरी आहे. ज्या भाषेत आदर क्रियापदाच्या शेपटाला बांधलेला आहे, तिने आदरासाठी उसने वाक्य आणणे म्हणजे विहिरीवर उभे राहून टँकर मागवण्यासारखे आहे.

सरकारी मराठीला आपण सारे हसतो, आणि हसण्यासारखे तिच्यात पुष्कळ आहे. 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर जी कार्यालयीन मराठी घडली तिने 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' सारखी वाक्ये दिली. तरी तहसीलातल्या साध्या अर्जाचा सांगाडा पाहा: प्रति, विषय, संदर्भ. 'संदर्भ: आपले दिनांक अमुकचे पत्र' ही एक ओळ सांगते की आपली यापूर्वी गाठ पडली आहे, तिची तारीख ही, आणि चेंडू आता कोणाकडे आहे. यात प्रेम नाही, पण समोरच्या माणसाची दखल आहे. कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणारे असतात, त्यांना मी कधी 'आशा आहे की साहेब कुशल असतील' असे लिहिताना पाहिलेले नाही. त्यांना कागदाचे मोल ठाऊक असते.

मी जी कसोटी लावतो ती अगदी गावठी आहे. पत्राचे पहिले वाक्य दुसऱ्या कोणाच्या पत्रावर तसेच्या तसे चिकटवता येते का? येत असेल तर ते काढावे आणि दुसऱ्या वाक्याला तीच कसोटी लावावी. बहुतेक पत्रे तिसऱ्या वाक्यापासून सुरू होतात असे आढळेल. परंतु या कसोटीला फसवता येते, आणि हल्ली फसवले जाते. 'आपल्या लातूरला सध्या चांगलाच उकाडा असेल' असे विमा विकणाऱ्याचे पत्र येते, 'आपला अमुक अंकातील लेख अतिशय भावला' असे येते आणि पुढे लेखाविषयी एक शब्द नसतो. ही वाक्ये दुसऱ्याला चिकटत नाहीत हे खरे, पण ती खास आपल्यासाठी लिहिलेली नसतात, खास आपल्यावर नेम धरून लिहिलेली असतात. ओळखायचे कसे? पुढच्या मजकुराला त्या पहिल्या वाक्याची गरज आहे का ते पाहावे. उकाड्याचा विम्याशी संबंध नसेल तर तो उकाडा खोटा. त्यापेक्षा साधे 'स. न. वि. वि.' परवडले, ते निदान आपण रिकामे आहोत हे लपवत नाही.

आणि जेथे काही काम नाही, केवळ माणसाची आठवण आहे, तेथे काय करावे? हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. पूर्वी आमच्याकडे मृत्यूचे पत्र आले की ते उघडण्यापूर्वी कळे. माथ्यावर 'श्री' नसे. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कार्ड हातात घेताच ते कळे आणि ती उंबऱ्यावर बसे. एरवी प्रत्येक पत्रावर 'श्री' लिहिलेला असे म्हणूनच त्याचे नसणे बोलत होते. ती खूण आता कोणाजवळ नाही, आणि ती परत आणावी असेही नाही. पण ज्याच्या घरी असे काही घडले आहे त्याला लिहिताना निदान जे माहीत आहे ते माहीत असल्यासारखे लिहावे. 'मंगळवारी कळले. तेरावा होईपर्यंत तू गावीच असशील असे धरून चाललो आहे. मी शनिवारी नांदेडला उतरून दुपारपर्यंत लोह्याला येतो, तू बसस्टँडवर येऊ नकोस, घर मला माहीत आहे.' यात कुशल विचारलेले नाही. विचारण्यासारखे ते नव्हतेच.